एक्सपोर्ट फाइलमधली वाढीव बेरीज: आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "महिन्याची बिलं ४०, पण पंधरवड्याच्या दोन फाइल्स जोडल्या तर ९७ दिसतात आणि विक्री दुपटीच्या वर जाते. जोडण्याआधी प्रत्येक फाइलवर Remove Duplicates चालवलं, एकही ओळ निघाली नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि बेरीजच चुकते?"

नमस्कार,

या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक बिल नव्हे, बिलातली एक वस्तू. 'बिलाची रक्कम' मात्र प्रत्येक ओळीवर पुन्हा छापली जाते. स्तंभाच्या नावावरून हे कळत नाही, ती चूक आमची.

समजा बिल १०४२ चे १००० आहेत आणि त्यात तीन वस्तू आहेत. बिल १०४३ चे ६००, वस्तू एकच. फाइलमध्ये चार ओळी येतात आणि बेरीज ३६०० होते, खरी विक्री १६००. सरासरीही ८०० ऐवजी ९०० दिसते, कारण जास्त वस्तूंचं बिल जास्त वेळा मोजलं जातं. म्हणून एकूण आकड्याला कशाने तरी भागून दुरुस्ती होत नाही.

Remove Duplicates ला काही सापडलं नाही, कारण वस्तू वेगळी असल्याने ओळी हुबेहूब सारख्या नाहीत. फक्त बिल क्रमांकावर ते चालवू नका. विक्री जुळेल, पण बाकीच्या वस्तू उडतील आणि नगांचा हिशेब कोलमडेल. त्यापेक्षा शेजारी एक मोकळा स्तंभ घ्या. A मध्ये बिल क्रमांक आणि F मध्ये बिलाची रक्कम असेल, तर दुसऱ्या ओळीत हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=IF(COUNTIF(A$2:A2,A2)=1,F2,0)
```

रक्कम प्रत्येक बिलाच्या पहिल्याच ओळीवर राहील. या स्तंभाची बेरीज म्हणजे विक्री. एकच पथ्य: 00123 आणि 123 हे दोन वेगळे क्रमांक असले तरी COUNTIF ते एकच धरतं.

तुमच्या बाबतीत दुसरीही शंका आहे. तारखेच्या दोन्ही टोकांचे दिवस फाइलमध्ये धरले जातात. १ ते १५ आणि १५ ते ३० अशा फाइल्स काढल्या असतील, तर १५ तारखेच्या वस्तू दोनदा आल्या. वरचं सूत्र विक्री सावरतं, नग नाही. B मध्ये बिलातला ओळ क्रमांक आहे, त्यावरून तपासा:

```
=COUNTIFS(A$2:A2,A2,B$2:B2,B2)
```

उत्तर २ आलं की ती ओळ खरोखर दुबार, बिनधास्त काढा. ओळ क्रमांकाशिवाय हे करू नका. एकाच बिलात तीच वस्तू मुद्दाम दोनदा घातलेली असू शकते.

'वस्तूची रक्कम' थेट बेरजेला घेतली तरी चालतं, पण संपूर्ण बिलावरची सूट तिच्यातून वजा झालेली नसते, त्यामुळे तेवढा फरक पडेल. त्याहून जास्त निघाला तर ज्या बिलावर जुळत नाही त्याचा क्रमांक ॲपमधल्या 'मदत' मधून पाठवा, ते बिल आम्ही ओळीओळीने तपासू.