स्वयंपाकघरातली सूचना बाबांच्या खोलीत का गेली: आपल्या तक्रारीला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे):
"किचनमध्ये उभी राहून अलेक्साला लाइट लावायला सांगते, तर झोपलेल्या सासऱ्यांच्या खोलीतली ट्यूब लागते. आमच्या बेडरूममध्ये पंखा बंद करायला सांगितला की त्यांचा बंद होतो. तुमचा माणूस दोनदा येऊन 'नेट स्लो आहे' एवढंच सांगून गेला. घरात वयस्कर माणूस आहे, उन्हाळ्यात मध्यरात्री पंखा बंद पडणं ही काही गंमत नाही."

सप्रेम नमस्कार.

आपल्या सासऱ्यांची झोपमोड झाली आणि त्यांना उकाड्यात जागे राहावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आमच्या माणसाने दिलेले उत्तर चुकीचे होते, हेही येथे उघडपणे सांगतो. नेट मंद असेल तर सूचना उशिरा पाळली जाते किंवा मुळीच पाळली जात नाही. पण ती एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जात नाही. सूचना चुकीच्या खोलीत जाते तेव्हा कारण जवळजवळ नेहमी मांडणीत असते, आणि आपल्या घरातली मांडणी आम्हीच केलेली आहे.

शनिवारी मी स्वतः आपल्याकडे येऊन गेलो, तेव्हा सगळे नीट समजावून सांगायला वेळ पुरला नाही. शिवाय अशीच अडचण इतर घरांतही येते, म्हणून जे आढळले ते येथे सविस्तर लिहितो.

आपल्या घरात अलेक्साचे तीन स्पीकर आहेत: एक हॉलमध्ये, एक सासऱ्यांच्या खोलीत आणि एक आपल्या बेडरूममध्ये. स्वयंपाकघरात एकही नाही. तिथून आपण हाक मारता तेव्हा ती हॉलमधल्या स्पीकरला ऐकू जाते आणि बोळाच्या पलीकडे असलेल्या सासऱ्यांच्या खोलीतल्या स्पीकरलाही. एकाच खात्यावरच्या दोन स्पीकरांनी एकच हाक ऐकली, तर दोघांनी एकदम उत्तर देऊ नये, अशी सोय या यंत्रणेत 2016 पासून आहे. कोणाला आवाज अधिक स्पष्ट ऐकू आला हे पडताळले जाते आणि तो एकच स्पीकर पुढे होतो. यातली मेख अशी की अधिक स्पष्ट ऐकणारा स्पीकर जवळचाच असतो, असे यंत्रणा धरून चालते. पण घरात दारे असतात, भिंती असतात आणि टीव्हीही चालू असतो. आपण प्रत्यक्षात कुठे उभ्या आहात, हे कोणताही स्पीकर पाहू शकत नाही.

म्हणून मी एक साधी चाचणी करून पाहिली, आणि ती कोणालाही करता येईल. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून काहीही न सांगता फक्त हाक मारायची आणि कोणत्या स्पीकरवरचा निळा दिवा शेवटपर्यंत लागून राहतो, ते दुसऱ्या माणसाने पाहायचे. सासऱ्यांच्या खोलीचे दार लावून मी दहा वेळा हाक मारली. दहाही वेळा हॉलमधल्या स्पीकरने ओ दिली. मग दार उघडे ठेवून आणि हॉलमध्ये रोजच्या आवाजात बातम्या लावून पुन्हा दहा वेळा हाक मारली, तर सात वेळा सासऱ्यांच्या खोलीतल्या स्पीकरने ओ दिली. अंतराने हॉलचा स्पीकर जवळ आहे. परंतु तो टीव्हीच्या शेजारी असल्यामुळे त्याच्या कानात बातम्या भरलेल्या होत्या, तर दुसरा शांत खोलीत, दाराकडे तोंड करून, टेबलाच्या कडेला ठेवलेला होता. आपल्याला हा त्रास दिवसा होत नव्हता आणि जेवणानंतर आवराआवर करतानाच होत होता, त्याचे कारण हेच आहे. त्या वेळी सासरे दार उघडे ठेवून आडवे झालेले असतात आणि हॉलमध्ये टीव्ही चालू असतो.

आता चुकीच्या स्पीकरने ओ दिली म्हणून चुकीची ट्यूब का लागावी, हा पुढचा प्रश्न. अलेक्साच्या ॲपमध्ये प्रत्येक खोलीचा एक गट केलेला असतो, आणि त्या गटात तिथल्या दिव्यांबरोबर तिथला स्पीकरही घातलेला असतो. तसे केले की खोलीचे नाव न घेता नुसते "लाइट चालू करो" म्हटले तरी चालते, कारण ज्या स्पीकरने ऐकले त्याच्या गटातले दिवे लावायचे, असा नियम आहे. सोय उत्तम आहे. परंतु तिच्यात खोली ठरवतो तो स्पीकर, बोलणारा माणूस नव्हे. आपण स्वयंपाकघरातून नाव न घेता सूचना दिलीत, सासऱ्यांच्या खोलीतल्या स्पीकरने ती घेतली आणि स्वतःच्या गटातली ट्यूब लावली. त्याच्या परीने त्याने नियमाप्रमाणेच केले. हॉलच्या स्पीकरने ती सूचना घेतली असती तरीही स्वयंपाकघरात उजेड पडला नसता, कारण स्वयंपाकघराची ट्यूब त्याच्याही गटात नव्हती आणि आमच्या माणसाने ॲपमध्ये तिचा प्रकार `Light` करायचा सोडून `Switch` असाच ठेवला होता. ज्याचा प्रकार `Switch` आहे, ते बटण "लाइट" या शब्दात धरले जात नाही.

पंख्याची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, आणि ती या ट्यूबच्या गोष्टीत मिसळली गेल्यामुळेच आमचा माणूस दोनदा येऊनही गोंधळला. पंख्याच्या वेळी योग्य स्पीकरनेच, म्हणजे आपल्या बेडरूममधल्या स्पीकरनेच, आपले ऐकले होते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. ॲपमध्ये `Voice History` नावाची नोंद असते. तिच्यात प्रत्येक सूचना कोणत्या शब्दांत ऐकली गेली आणि कोणत्या स्पीकरने ऐकली, हे दिसते. आपल्यासमोर आपण ती उघडली तेव्हा रात्री बाराच्या पुढची एक नोंद सापडली: "बेडरूम का पंखा बंद करो", आणि तिच्याखाली आपल्याच खोलीतल्या स्पीकरचे नाव होते. तरीही पंखा सासऱ्यांचा बंद झाला, कारण आमच्या माणसाने बिल्डरच्या नकाशावरून नावे टाकताना त्यांच्या खोलीतल्या पंख्याला `Bedroom Fan` आणि आपल्या पंख्याला `Master Bedroom Fan` असे नाव दिले होते. आपल्या घरात आपल्या खोलीला कोणीही मास्टर बेडरूम म्हणत नाही. जो तो आपापल्या खोलीला बेडरूमच म्हणतो. सूचनेत नाव आले की स्पीकर कोणत्या खोलीत आहे हा विचार मागे पडतो आणि त्या नावाचे जे उपकरण सापडेल ते चालवले जाते. "बेडरूम" हे नाव तंतोतंत जुळले, आणि ते सासऱ्यांच्या पंख्याचे होते.

थोडक्यात, नाव घेतले नाही तर स्पीकर खोली ठरवतो आणि नाव घेतले तर नाव खोली ठरवते. एखाद्या घरात सूचना भलत्याच खोलीत जात असेल, तर सर्वांत आधी `Voice History` उघडून या दोहोंपैकी काय घडले ते पाहावे. सूचनेखाली दुसऱ्याच खोलीतल्या स्पीकरचे नाव दिसले तर अडचण ऐकण्यातली आहे; स्पीकर बरोबर असून उपकरण चुकले असेल तर अडचण नावातली आहे. पहिल्या अडचणीवर नावे बदलून उपयोग होत नाही आणि दुसरीवर स्पीकर हलवून उपयोग होत नाही.

त्याप्रमाणे आपल्या घरात पुढील बदल केले. सासऱ्यांचा स्पीकर दाराकडच्या टेबलावरून काढून पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, कपाटाच्या आडोशाला ठेवला; तेथेही भिंतीपासून वीतभर अंतर सोडले, कारण अगदी भिंतीला टेकवला तर त्याला सासऱ्यांचेच बोलणे नीट ऐकू येत नाही. हॉलचा स्पीकर टीव्हीपासून दूर, जेवणाच्या टेबलाजवळच्या फळीवर नेला. शिवाय सासऱ्यांच्या स्पीकरची हाक बदलून "इको" केली, म्हणजे स्वयंपाकघरातून "अलेक्सा" म्हटले तर तो स्पीकर ओ देणार नाही. नवी हाक सासऱ्यांना सोयीची वाटते का, हे त्यांना विचारून, त्यांच्याकडून तीन-चार वेळा म्हणवून घेऊन मगच ती कायम केली. दार उघडे आणि टीव्ही चालू असताना पुन्हा दहा हाका मारल्या, तेव्हा दहाही वेळा हॉलच्या स्पीकरने ओ दिली.

नावे घरातल्या बोलण्याप्रमाणे ठेवली. सासऱ्यांची खोली `Baba Room` झाली आणि आपली खोली, तिला गच्ची असल्यामुळे, `Terrace Room` झाली. पंख्यांची नावेही त्याप्रमाणे बदलली. "बेडरूम" हा शब्द आता कोणत्याच नावात नाही. नावे बदलताना एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते: बटणाच्या कंपनीच्या ॲपमध्ये बदललेले नाव अलेक्साच्या ॲपमध्ये आपोआप बदलेलच असे नसते, आणि पूर्वी कधी बटणामागे बसवलेले, ते अलेक्साशी जोडणारे मोड्यूल बदलले असेल तर जुन्या नावाचे एक निर्जीव उपकरण यादीत पडून राहते. आपल्या यादीत अशी दोन उपकरणे होती. ती काढून टाकली. स्वयंपाकघराच्या ट्यूबचा प्रकार `Light` केला आणि तिला `Kitchen Light` असे नाव दिले.

स्वयंपाकघरात चौथा स्पीकर बसवावा का, असे आपल्या यजमानांनी विचारले होते. माझा सल्ला नको असाच आहे, जरी त्यात माझी विक्री होती. तो बसवला तर नाव न घेता सूचना देता येईल हे खरे. परंतु हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आपल्याकडे दार नाही, त्यामुळे एकच हाक ऐकणारे आणखी दोन कान समोरासमोर येतील, आणि आज जो घोळ बोळाच्या पलीकडे झाला तो मग हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात सुरू होईल. त्यापेक्षा ओट्याशी उभे राहून "किचन लाइट चालू करो" असे नाव घेऊन सांगणे अधिक भरवशाचे आहे. मग कोणत्याही स्पीकरने ओ दिली तरी ट्यूब स्वयंपाकघराचीच लागेल. पंख्याच्या बाबतीत तर, योग्य खोलीत उभे असतानाही, रात्री नाव घेऊनच सांगावे, अशी माझी विनंती आहे.

एक अडचण मात्र या बदलांनी सुटलेली नाही. मिक्सर किंवा चिमणी मोठ्या वेगावर चालू असताना ओट्याशेजारून मारलेली हाक हॉलच्या स्पीकरपर्यंत धडपणे पोहोचत नाही, हे आपणही त्या दिवशी पाहिलेत. तेवढ्या वेळेपुरते भिंतीवरचे बटण दाबावे. आम्ही बसवलेली मोड्यूल्स बटणाच्या मागे असल्यामुळे ते पूर्वीप्रमाणेच चालते, नेट असो वा नसो.

आमच्या माणसाच्या आधीच्या दोन फेऱ्यांपैकी दुसऱ्या फेरीचे घेतलेले पैसे आपल्या खात्यावर परत केले आहेत. येत्या रविवारी सकाळी मी पुन्हा येईन आणि आठवडाभराची `Voice History` आपल्यासोबत बसून पाहीन. तोपर्यंत एखादी सूचना भलतीकडे गेली, तर तिची वेळ तेवढी कागदावर लिहून ठेवावी.

आपला,
दुकानाचा मालक