नव्वद टक्के आणि फोन एकही नाही

काल शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संद्या तोंड पाडून बसला होता. अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हसाठी अप्लाय केलं, रेझ्युमे जाहिरातीशी जुळवून बघणाऱ्या साइटवर स्कोअर नव्वद टक्के, आणि तीन आठवड्यांत साधा फोन नाही.

बंटी लगेच सुरू, "नव्वदला कोण बोलावतं, पंच्याण्णव कर! माझ्या साडूने सत्त्याण्णव केला होता." बंटीला बारावीपासून टक्क्यांचं वेड, त्यात स्वतःचे बावन्न.

मनीषा आठ वर्षं रिक्रुटमेंटमध्ये आहे. ती म्हणाली, "अरे, तो स्कोअर तुझ्या साइटने दिलाय, कंपनीला तो दिसतच नाही. दाखव मोबाइल." बघितलं तर साइटने जाहिरातीतले वीस शब्द काढलेले, त्यातले अठरा संद्याच्या रेझ्युमेत, झाले नव्वद. त्यात 'टीम प्लेअर' आणि 'कम्युनिकेशन'सुद्धा, आणि त्यांना जीएसटीइतकंच वजन! राहिलेल्या दोनांत एक टीडीएस रिटर्न, जे जाहिरातीत 'मस्ट' म्हणून लिहिलेलं.

"आणि हे जीएसटी रिकन्सिलिएशन?" मनीषाने विचारलं. "स्किल्समध्ये आहे, पण खाली कामात नुसतं इन्व्हॉइस एंट्री. मी तर इथेच थांबते."

"मी करतो ना ते! दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी स्टेटमेंट आणि आपलं परचेस रजिस्टर जुळवायचं, ज्या व्हेंडरने बिल चढवलं नाही त्याच्या मागे लागायचं, नाहीतर कंपनीचं टॅक्स क्रेडिट अडकतं."

"मग हेच लिही की रे बाबा! किती व्हेंडर, किती बिलं, कसं सोडवलंस. शब्द काय, तुझ्यासारख्या सगळ्यांनीच चिकटवलेत."

मला ते फार लागलं, कारण संद्या खरंच राबतो, मार्च महिन्यात रात्री शेवटच्या कर्जत लोकलने घरी जातो, आणि कागदावर त्यातलं काहीच नाही.

बंटी काही ऐकेना, "म्हणजे आता हे लिहिलं की कॉल नक्की?"

"नाही," मनीषा म्हणाली. "फॉर्ममध्ये नोटिस पिरियड काय टाकलास?"

"नव्वद दिवस."

"आणि त्यांना हवा तीस दिवसांत. आम्ही असा फिल्टर लावला की तू लिस्टमध्येच येत नाहीस, रेझ्युमे उघडतंय कोण? पगाराच्या अपेक्षेचंही तेच. बरं, जाहिरात आल्यावर कितव्या दिवशी भरलास?"

"बाराव्या. स्कोअर वाढवत बसलेलो."

"तोवर आमचे पाच-सहा जण इंटरव्ह्यूला लागलेले असतात. पुढचे अर्ज कित्येकदा उघडलेही जात नाहीत."

संद्या गप्प. मग हळूच म्हणाला, पैसे भरून नोटिस बायआउट होतं का हे ऑफिसात विचारतो, आणि आज रात्री कामाचा भाग नव्याने लिहितो. मनीषा म्हणाली, पाठव, मी बघते.

"माझा पण बघ," बंटी म्हणाला.

"तू आधी गणपतीतले माझे आठशे दे!"

त्यावर कटिंगवाला पण हसला, कारण बंटीची त्याच्याकडेही उधारी आहे.