मामाची साठी आणि सगळ्यांचं एकच ऊन

घरात एकाला फोटोशॉप येतं हे नातेवाइकांना कळलं, की त्याचं आयुष्य फ्लेक्सला टांगलं जातं. मामाच्या साठीला मामीने तीन फोटो पाठवले: मामीशेजारी मामा हळदीच्या मांडवात पिवळाधमक, मावशी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली हिरवट आणि न्यू जर्सीचा दादा बर्फात निळसर. वर फर्मान, "सगळे एकत्र उभे आहेत असं वाटलं पाहिजे."

असल्या वेळी हात शिवशिवतो तो वरून एक कलर लुकअप टाकून मोकळं व्हायला. पण लुकअप टेबल म्हणजे नुसता तक्ता: अमुक रंग आत गेला की तमुक बाहेर. कोण मामा, कोण मावशी, हे त्याला काय ठाऊक! `FoggyNight.3DL` लावून पाहिलं, तर सगळेच धुक्यात गेले आणि मावशी तिथेही हिरवीच.

म्हणून आधी प्रत्येकाची वेगळी चंपी. मावशीच्या लेयरला क्लिप केलेल्या कर्व्हजमध्ये हिरवा चॅनल मधोमध खाली ओढला. मामाचा निळा थोडा वर. मग सगळ्यांच्या वर काळ्या रंगाचा लेयर, मोड `Color`. रंग गेले, उरला नुसता उजेड-अंधार, आणि दादाचं बिंग फुटलं. मामाचे केस काळेभोर, याचे राखाडी! (दादा मामाहून बावीस वर्षांनी लहान.) ग्रेडियंट मॅप रंग वाटतो तो उजेड बघून. काळ्याला डावीकडचा, पांढऱ्याला उजवीकडचा. केस राखाडी राहिले असते, तर इतरांच्या केसांना मिळणारा गडद तपकिरी दादाला मिळालाच नसता. त्याचे काळे खाली ओढले, तपासणीचा लेयर बंद केला आणि मग तपकिरी ते सायीच्या रंगाचा मॅप घातला.

तोही `Color` मोडमध्ये, म्हणजे उजेड ज्याचा त्याचा राहतो. पूर्ण ऑपॅसिटीला मामीची पोपटी पैठणी चहाच्या गाळणीसारखी झाली. वीस टक्क्यांवर आणल्यावर पैठणी वाचली आणि सगळ्यांच्या सावल्यांचं गोत्र जुळलं. आता कुठे लुकअपची पाळी: `LateSunset.3DL`, तीस टक्के.

शेवटी सगळ्यांच्या डोक्यावर ग्रेडिंगचा एक कर्व्हज. निळ्या चॅनलचं काळ्याकडचं टोक किंचित उचललं, पांढऱ्याकडचं किंचित दाबलं. सगळ्यांचा काळा एकाच छटेचा झाला, पांढराही. डोळ्याला एकाच उन्हाची खात्री पटते ती बहुतेक इथेच.

मामीने फोन हातभर लांब धरून पाहिलं. "छान! आता मला जरा उजळ कर."

"मामी, तुला एकटीला उजळ केलं तर वेगळी चिकटवल्यासारखी दिसशील. करायचं तर सगळ्यांनाच."

"मग कर की सगळ्यांना," मामी म्हणाली. "फक्त तुझ्या मावशीला नको."