‘खोलात जा’ म्हणजे नेमकं कुठे जाऊ, मावशी?

भाची एस.वाय.ला आहे, इतिहास घेऊन. मागच्या महिन्यात असाइनमेंटचा खर्डा परत मिळाला तो घेऊन तडक माझ्याकडे आली. मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे लेख दुरुस्त करते, म्हणून घरात असली दुखणी माझ्याकडेच येतात. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता : ‘वर्णन जास्त, विश्लेषण कमी. मांडणी विस्कळीत. खोलात जा. भाषा प्रवाही हवी.’

विषय होता, पानशेतच्या पुरानंतर पुण्याची वस्ती कशी बदलली? सहा परिच्छेद, नऊशे शब्द. गंमत म्हणजे हा तिचा दुसरा खर्डा होता. पहिल्यावरही ‘खोलात जा’ होतंच. तेव्हा हिने काय केलं, तर पुराबद्दल आणखी तीनशे शब्द घातले. पाणी कुठवर चढलं, कोणते पूल बुडाले, लोक गच्चीवर कसे बसून राहिले. शेरा पुन्हा तोच, उलट ‘वर्णन जास्त’ हे नवीन. पोरगी रडकुंडीला आली होती.

मॅडमना मी दोष देणार नाही. साठ-सत्तर खर्डे तपासताना हात असाच लिहितो. पण शेरा म्हणजे निदान नव्हे. वाचताना कुठे ठेच लागली एवढंच तो सांगतो. दगड कुठून आला हे आपल्यालाच शोधावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा ठेच लागली त्याच्या बराच आधी पडलेला असतो.

म्हणून मी तिला आधी पेन खाली ठेवायला लावलं आणि पेन्सिल दिली. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच ओळ लिहायची, हा परिच्छेद काय सांगतो. काय सांगायचं होतं ते नाही, कागदावर आहे ते. तिच्या ओळी अशा आल्या : पहिला, पुणे विद्येचं माहेरघर. दुसरा, १२ जुलै १९६१ला पानशेत आणि मग खडकवासला फुटलं. तिसरा, पाणी पेठांत शिरलं, आजीचा वाडा पडला. चौथा, लोकांनी मदत केली. पाचवा, नव्या वसाहती झाल्या. सहावा, निसर्गापुढे माणूस हतबल.

मग तिला विचारलं, प्रश्न काय होता? ती गप्प. सहातला एकच परिच्छेद प्रश्नाला उत्तर देत होता, पाचवा. मग वाक्यं मोजली. ‘काय झालं’ सांगणाऱ्या वाक्यापुढे ‘व’, ‘त्यामुळे वस्तीचं काय झालं’ किंवा ‘का झालं’ सांगणाऱ्यापुढे ‘क’. एक्केचाळीस वाक्यांत सहा ‘क’. ‘विश्लेषण कमी’ म्हणजे काय ते तिला मग कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

‘मांडणी विस्कळीत’ची बाण काढलेली खूण पाचव्या परिच्छेदाच्या समासात होती. ती त्या परिच्छेदातलीच वाक्यं खालीवर करत बसली होती. पण तिथला क्रम बरोबरच होता. गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या असं ती लिहीत होती, पण त्या का लागल्या याचं कारण दोन पानं मागे, आजीच्या आठवणीत पुरलेलं होतं : माती-लाकडाचे जुने वाडे पाण्यात भिजून बसले आणि त्यांतली भाडेकरू कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. कारण तिसऱ्यात, परिणाम पाचव्यात आणि मध्ये मदतकार्याचा अख्खा परिच्छेद. वाचणाऱ्याला धागा तुटल्यासारखं वाटणारच.

आता ‘खोलात जा’. माझा अनुभव असा की नव्वद टक्के मुलं याचा अर्थ ‘अजून लिहा’ असा घेतात. (पूर्वी मीही घ्यायचे. माझी पुरवणी जाड असायची आणि मार्क बारीक.) खोली शब्दांनी येत नाही, आपल्याच म्हणण्यावर एक आडवा प्रश्न टाकला की येते. तिचं म्हणणं होतं, पुरामुळे पुणं पेठांबाहेर वाढलं. मी म्हटलं, पूर आलाच नसता तर पुणं पेठांतच राहिलं असतं का? थोडं शोधून ती स्वतःच म्हणाली, नाही, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४चं आहे, म्हणजे पुराच्या सात वर्षं आधी. शहर त्या बाजूला सरकायला लागलंच होतं. मग पुराने नेमकं काय केलं? वाढ त्याने सुरू केली नाही. पण जी माणसं आपण होऊन वाडा सोडून गेली नसती, त्यांना त्याने एकदम बाहेर काढलं. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही, आणि अख्ख्या निबंधात तेवढंच कुणी वाद घालावा असं होतं. तीनशे शब्दांच्या पुराच्या पाण्यात ते कधी वर आलं नसतं.

यानंतर कुठे कागदावर योजना. माझी अट एवढीच की प्रत्येक ओळीत कुठे, काय करायचं आणि झालं हे कसं ओळखायचं, तिन्ही हवं. ‘विश्लेषण वाढवणे’ असं लिहिलं की मी खोडायचे. शेवटी तीन कामं राहिली. दुसरा, तिसरा, चौथा परिच्छेद मिळून एकच करायचा, दीडशे शब्दांच्या आत, आणि तो वाडे पडल्यावर संपला पाहिजे. त्याला लागूनच वसाहतींचा परिच्छेद, पहिल्याच वाक्यात ‘भाडेकरू’ शब्द आलाच पाहिजे. त्यानंतर पिंपरीचा नवा परिच्छेद, जो स्वतःच्या म्हणण्याला आधी विरोध करेल आणि मग उत्तर देईल. माहेरघर आणि हतबल माणूस, दोघांना रजा.

शुद्धलेखनाला तोवर हात लावायचा नाही. यावर तिने वाद घातला, कारण लाल गोल तिथेच जास्त होते. पण ज्या चौथ्या परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या, तो उद्या अर्ध्याहून जास्त जाणार होता. उडवायच्या भिंतीला रंग कशाला?

उरलं ‘भाषा प्रवाही हवी’. याचं काय करायचं ते मलाही कळेना. मला भाषा ठीक वाटत होती. अशा वेळी अंदाजाने सगळं पुन्हा लिहिण्यापेक्षा मॅडमनाच विचारावं, पण ‘काय कमी आहे?’ असं नाही. तसं विचारलं की ‘वाचन वाढव’ असं उत्तर मिळतं. मी तिला दोन वाक्यांखाली रेघ मारून पाठवलं : ‘मॅडम, हे खटकलं की हे?’ मॅडमनी अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं. दर तिसरं-चौथं वाक्य ‘तसेच’ने सुरू होत होतं. एकूण अकरा ‘तसेच’! तिच्या किंवा माझ्या डोळ्याला ते दिसलंच नव्हतं.

ही पद्धत सगळीकडे चालते असं नाही. मुळात वाचनच दोन पानांचं असेल तर समासात कितीही ओळी लिहा, ‘क’ येणार कुठून? तेव्हा योजनेत पहिलं काम ग्रंथालयाचंच लिहावं लागतं. आणि परीक्षेच्या पेपरात दुसरा खर्डा नसतोच.

नवा खर्डा झाल्यावर पुन्हा मोजलं. चौतीस वाक्यं, एकोणीस ‘क’. शिवाय प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य तिने आजीला, म्हणजे माझ्या आईला, ओळीने वाचून दाखवलं. एवढ्यावर उत्तर कळतंय का ते बघायचं होतं. पुराच्या वेळी आई बारा वर्षांची होती. तिने सगळं नीट ऐकलं, मान डोलावली, आणि मग म्हणाली, “सगळं कळलं गं. पण आमचा अख्खा वाडा तू दोन ओळींत पाडलास?”