वायद्याने भाव बांधला, पण पैसे रोज हलतात

«युरोचा वायदा एकदा विकून ठेवला की दर पक्का. मग रुपया कुठेही जावो, खिशातून एक पैसाही जात नाही.»

वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधणारा बाजारातला सौदा, आणि त्याबद्दल असं बोललं जातं. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, दुसरं चूक. आणि त्या चुकीपायी निर्यातदार ऐन हंगामात अडकतो.

समजा, पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराला रॉटरडॅमहून तीन महिन्यांनी 40,000 युरो यायचे आहेत. एक वायदा 1,000 युरोचा, म्हणून त्याने 40 वायदे विकले. दर हिशेबापुरता 100 रुपये धरू. म्हणजे 40 लाख बांधले.

युरो 104 वर गेला, तर वायद्यात 1 लाख 60 हजारांचा तोटा. बिलाचे मात्र 41 लाख 60 हजार येतात. वजाबाकी केली की पुन्हा 40 लाखच. युरो 96 झाला तरी तेच, फक्त उलट बाजूने.

मेख वेळेत आहे. वायद्याचा नफा-तोटा रोज संध्याकाळच्या दराने मिटवला जातो, बिल मात्र तीन महिन्यांनी येतं. तोट्याची रक्कम आधी रोख भरावी लागते, सुरुवातीचं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, वेगळंच. ती भरली नाही तर ब्रोकर सौदा कापतो. तोटा पदरात राहतो आणि बांधलेला दर सुटतो. म्हणून मार्जिनपलीकडे रोकड हाताशी असल्याशिवाय यात उतरू नये, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय बांधला जातो तो युरोचा दर, द्राक्षांचा नव्हे. फवारणीच्या औषधाच्या अंशामुळे कंटेनर नाकारला गेला, तर युरो येणारच नाहीत, पण विकलेला वायदा तसाच उभा राहील. तो त्याच दिवशी परत विकत घेऊन बंद करावा.