हिरड्यांतलं रक्त आणि हृदयातला ब्लॉक: किती सिद्ध, किती नुसतं नातं

"हिरड्यांतून रक्त येतंय? मग समजा हार्टमध्ये ब्लॉक तयार होतोय. तोंडातले जंतू रक्तात उतरून हृदयात जाऊन बसतात, त्यातूनच अटॅक येतो. हे अमेरिकेत सिद्ध झालंय. वर्षातून दोनदा दात साफ करून घ्या, अटॅकचा धोका निम्मा होतो, गोळ्यांची गरजच नाही. सर्व ग्रुपवर पाठवा."

मी हिरड्यांचाच डॉक्टर. लोकांनी हे खरं मानलं तर माझ्याच दवाखान्यात गर्दी वाढेल, हे आधीच सांगून टाकतो. यातला एक धागा खरा आहे, म्हणून तर मेसेज इतका फिरतो. पण तो धागा नेमका कुठपर्यंत जातो, हे वाक्यागणिक पाहायला हवं.

सुरुवात रक्तापासून. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे ब्रश नीट पोचला नाही की जंतूंचा चिकट थर साचतो, हिरडीची कड लाल होते, सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. ही झाली हिरड्यांची साधी सूज. नीट स्वच्छता सुरू केली की आठवड्या-दोन आठवड्यांत ती उतरते. यात दाताखालचं हाड शाबूत असतं. हृदयाच्या संदर्भात जे महत्त्वाचे अभ्यास झाले, ते बहुतेक याच्या पुढच्या आजाराचे आहेत: पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे लोकांच्या भाषेत पायोरिया. त्यात सूज खाली उतरते, हाड वर्षानुवर्षं झिजतं आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खळगा पडतो. आम्ही तो खुणा असलेल्या बारीक सळईने मोजतो. एक ते तीन मिलिमीटर ठीक, त्याच्या पुढे गेलं की संशय, आणि हाड किती गेलं हे एक्स-रे सांगतो.

गंमत म्हणजे ज्याच्या हिरड्या जास्त बिघडलेल्या असतात त्याला रक्त कमी येऊ शकतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून सूज असूनही फारसं रक्त येत नाही. "मला कुठे रक्त येतंय?" म्हणणाऱ्याचा एक्स-रे काढावा तर निम्मं हाड गेलेलं दिसतं. उलट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला किंवा गरोदर बाईला थोड्याशा सुजेतही जास्त रक्त येतं. आणखी एक उलटी वाट आहे. रक्तदाबासाठी दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी काही जणांच्या हिरड्या वाढवते, त्या फुगून दातांवर चढतात. म्हणजे अशा पेशंटमध्ये रक्तदाब आणि हिरड्या दोन्ही बिघडलेले दिसतात, पण दोघांना जोडणारी असते ती गोळी. तेव्हा रक्त येतंय यावरून हृदयाच्या धमन्यांबद्दल काहीही ठरवता येत नाही.

जंतूंचा मुद्दा जास्त दमदार आहे. ते रक्तात उतरतात, यात शंका नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नुसतं ब्रश केल्यावर सुमारे 23 टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले, आणि प्रतिजैविक न देता दात काढल्यावर सुमारे 60 टक्के लोकांच्या. बहुतेकांच्या रक्तातून ते थोड्याच वेळात नाहीसे होतात. धमन्यांत साचलेल्या चरबीच्या थरांतही त्यांचा माग लागलेला आहे. 2000 साली मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेल्या 50 नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा 44 टक्के नमुन्यांत पायोरियाच्या एखाद्या तरी जंतूचा डीएनए मिळाला.

मग अजून काय हवं? हवं ते हे, की जंतूंनी तो थर तयार केला की आधीच सुजलेल्या थरात ते येऊन अडकले, हे कळायला पाहिजे. नमुना पाहून ते कळत नाही. आणि या बाबतीत वैद्यकशास्त्राने एकदा हात पोळून घेतले आहेत. क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा श्वसनमार्गाचा जंतूही धमन्यांच्या थरात सापडत होता आणि त्याची प्रतिद्रव्यं हृदयरुग्णांत जास्त दिसत होती. पुरावा आजच्या हिरड्यांच्या पुराव्यासारखाच भासत होता. म्हणून 4,012 हृदयरुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं, निम्म्यांना नकली गोळी. 2005 साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत हृदयाच्या घटनांमध्ये काही फरक नव्हता. जंतू जागेवर सापडला म्हणजे गुन्हा त्यानेच केला असं ठरत नाही.

जंतू हृदयात जाऊन बसतात असं एक दुखणं मात्र खरोखर आहे. त्यात ते झडपेवर बसतात, धमनीत नाही. कृत्रिम झडप असलेल्यांना, पूर्वी झडपेचा संसर्ग होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना तोंडातल्या जंतूंमुळे हा संसर्ग होऊ शकतो. म्हणून दात काढणं किंवा हिरडीखाली सफाई करणं अशा कामाआधी त्यांना अँटिबायोटिकचा एक डोस देतात. हा हार्ट अटॅक नव्हे. मेसेज लिहिणाऱ्याने चित्र इथून उचललं आणि चिकटवलं भलतीकडे.

आता "सिद्ध झालंय". अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली या विषयावरचं सगळं संशोधन चाळून निवेदन काढलं. त्यात म्हटलं होतं की धूम्रपानासारखे समान घटक वजा केले तरी काही नातं उरतं, पण हिरड्यांच्या आजाराने हृदयविकार होतो किंवा हिरड्यांवर उपचार केल्याने तो टळतो, असं म्हणायला आधार नाही. मेसेजने यातला पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा गाळला.

हे उरलेलं नातं किती, हे स्वीडनच्या एका अभ्यासात छान दिसतं. पहिला हार्ट अटॅक येऊन गेलेले 75 वर्षांखालचे 805 जण घेतले आणि त्यांच्याच वयाचे, त्याच लिंगाचे, त्याच भागातले, अटॅक न आलेले 805 लोक. सगळ्यांच्या जबड्यांचे एक्स-रे काढून हाड मोजलं. अटॅक आलेल्यांत पायोरिया 43 टक्क्यांना होता, इतरांत 33 टक्क्यांना. दोन्ही गटांत पायोरिया असलेल्यांना नसलेल्यांनी भागलं आणि ती दोन गुणोत्तरं ताडली, तर ही साधारण दीडपट. मग धूम्रपान, मधुमेह, शिक्षण आणि वैवाहिक स्थिती यांचा वाटा काढून टाकला, तेव्हा दीडपट उतरून सव्वापटीच्या जरा वर, 1.28 वर आली. हाड झिजायला वर्षं लागतात, त्यामुळे अटॅक आधी आणि पायोरिया नंतर असं इथे म्हणता येणार नाही. अभ्यास चांगला आहे. मी तो गंभीरपणे घेतो.

पण दुसरीही बाजू त्याच आकड्यांत आहे. जे घटक मोजता आले ते काढताच नात्याचा मोठा भाग गळून पडला. जे मोजले गेले नाहीत किंवा अर्धवट मोजले गेले, ते काढले तर किती उरेल? "धूम्रपान करता का, हो की नाही" असं विचारलं तर वीस वर्षं रोज पाकीट ओढणारा आणि शनिवारी एक सिगारेट ओढणारा एकाच रकान्यात जातात. आपल्याकडे तर प्रश्न आणखी गुंतलेला आहे. तंबाखू मळणाऱ्याला किंवा सकाळी मशेरी लावणाऱ्या बाईला "धूम्रपान?" विचारलं तर उत्तर प्रामाणिकपणे "नाही" असंच येणार. तिच्या हिरड्या मात्र तंबाखूनेच खाल्लेल्या असतात आणि हृदयाला धोकाही त्याच डबीतून असतो. अशा घरात हिरड्या आणि हृदय यांचं नातं कागदावर उठून दिसेल, आणि तरी एकाने दुसऱ्याला काही केलेलं नसेल.

अमेरिकेतल्याच एका पथकाने 2001 साली वेगळा विचार केला. दातांभोवतीच्या जंतूंनी हृदयविकार होत असेल, तर सगळे दात गेलेल्या माणसाचा धोका कमी व्हायला हवा, कारण पायोरियाला जागाच उरली नाही. दीर्घकाळ पाहिलेल्या लोकांच्या नोंदींत तसा फायदा दिसला नाही. यावर "नुकसान दात जायच्या आधीच झालं असेल" असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. म्हणून मी यालाही निकाल म्हणत नाही.

उरला उपचार. इथे सर्वांत चांगला पुरावा 2007 सालचा आहे. गंभीर पायोरिया असलेल्या 120 जणांपैकी निम्म्यांची हिरड्यांखालपर्यंत कसून सफाई केली, बाकीच्यांची नेहमीची वरवरची. हाताची धमनी गरज पडल्यावर किती फुलते, हे मोजलं. दुसऱ्याच दिवशी कसून सफाई झालेल्यांची धमनी आधीपेक्षा वाईट वागत होती, कारण त्या सफाईनेच जंतू आणि सूज दोन्ही रक्तात ढवळून निघतात. सहा महिन्यांनी मात्र तीच धमनी दुसऱ्या गटापेक्षा चांगली फुलत होती. हिरड्यांच्या सुजेचा धमनीच्या अस्तराशी संबंध आहे याचा हा प्रत्यक्ष पुरावा, कारण इथे काहीतरी बदलून परिणाम पाहिला होता. पण धमनीचं फुलणं म्हणजे टळलेला अटॅक नव्हे.

अटॅक टळतात का, हे पाहायला किती माणसं लागतील याचा हिशोब करू. समजा हृदयरुग्णांपैकी 5 वर्षांत 10 टक्क्यांना पुन्हा मोठी घटना होते आणि सफाईने ती 8.5 टक्क्यांवर येते. एवढा फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे 6,000 माणसं हवीत, म्हणजे एकूण 12,000. अमेरिकेत हृदयरुग्णांवर अशी पायलट चाचणी झाली, तिच्यात 303 जण होते. एवढ्यांवरून काही ठरणं शक्यच नव्हतं. त्यात आणखी एक पेच आहे: ज्याचे दात हलतायत, पू येतोय, त्याला पाच वर्षं उपचाराविना ठेवणं कोणत्याही डॉक्टरला जमणार नाही. त्यामुळे "निम्मा धोका" हा आकडा कुठून आला असेल, तर तो कोणत्याही चाचणीतून नाही.

याउलट, ज्या गोळ्या सोडायला सांगितल्या आहेत त्यांचा हिशोब लाखाहून जास्त लोकांवर झालेला आहे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे 39 अंकांनी उतरलं की अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. पायोरियावर उपचार करा, कारण त्याने दात जातात, जेवण बेचव होतं, तोंडाला वास येतो. मधुमेह असेल तर साखरही थोडी उतरू शकते. हृदयाचं कारण पुढे करायची गरज मला वाटत नाही.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट दवाखान्यात रोज सांगावी लागते. स्टेंट बसवलेले काही जण स्केलिंगला, म्हणजे दात साफ करून घ्यायला, येण्याआधी "रक्त थांबणार नाही" या भीतीने अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच बंद करून येतात. स्केलिंगचं रक्त कापूस दाबून थांबतं. गोळ्या बंद पडल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती कापसाने थांबत नाही. स्टेंट नवा असेल तर काम पुढे ढकलता येतं, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. तुम्ही फक्त चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा आणि त्या दिवशीची गोळीसुद्धा घेऊनच या.