अवमान न्यायाधीशांचा की आदेशाचा?

"कोर्टाचा अवमान हा कायदा फक्त न्यायाधीशांचा मान जपायला आहे. निकालावर तोंड उघडलं की तुरुंग, खरं बोललात तरी. दिवाणी केसमध्ये घडला तर दिवाणी अवमान, फौजदारीत घडला तर फौजदारी. सामान्य माणसाला याचा उपयोग शून्य, आणि मोठी माणसं माफीचा कागद देऊन सुटतात. पटलं तर पुढे पाठवा."

फिरत आलेल्या या संदेशाला उत्तर देताना क्रम थोडा मोडतो आणि त्याच्या तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो. तिथली गाठ सुटली की बाकीच्या बऱ्याच गाठी आपोआप सैल होतात.

दिवाणी आणि फौजदारी हे शब्द इथे खटल्याचा प्रकार सांगत नाहीत, माणसाने काय केलं ते सांगतात. १९७१च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम २मध्ये दोन्हींची व्याख्या आहे. न्यायालयाचा निकाल किंवा आदेश जाणूनबुजून न पाळणं, किंवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणं, हा दिवाणी अवमान. न्यायालयाची बेअब्रू करणारं काही बोलणं वा छापणं, चालू प्रकरणात ढवळाढवळ करणं किंवा न्यायदानात इतर कोणत्याही मार्गाने अडथळा आणणं, हा फौजदारी अवमान.

आता हे उलटसुलट लावून पाहा. फौजदारी प्रकरणात उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की जप्त केलेली गाडी मालकाला परत द्या, आणि ती महिनोन् महिने ठाण्याच्या आवारात गंजत राहिली, तर तो दिवाणी अवमान. याच्या नेमकं विरुद्ध उदाहरण नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. प्रकरण नवरा-बायकोचं, म्हणजे पूर्णपणे दिवाणी. खटला दुसऱ्या ठिकाणी चालवावा अशी पत्नीची विनंती होती आणि ती फेटाळली जावी म्हणून पतीने अनुभवाचं बनावट प्रमाणपत्र जोडलं. त्यात न्यायाधीशांना उद्देशून एकही वावगा शब्द नव्हता. तरीही न्यायालयाची दिशाभूल करण्यासाठी खोटा कागद पुढे करणं हा न्यायदानातला अडथळा ठरला, म्हणजेच फौजदारी अवमान, आणि पतीला तुरुंगात जावं लागलं.

हा भेद नुसत्या नावाचा नाही, वाटही वेगळी आहे. दिवाणी अवमानात नुकसान होतं ते ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याचं, म्हणून तो स्वतः थेट अर्ज करू शकतो. फौजदारी अवमानात कोणाही खासगी माणसाला असं सरळ जाता येत नाही. उच्च न्यायालयात जायचं तर राज्याच्या महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते, किंवा न्यायालय स्वतःहून दखल घेतं, आणि सुनावणी किमान दोन न्यायाधीशांपुढे होते. राग आला म्हणून कोणीही उठून कोणावरही खटला भरू नये, यासाठी ही चाळण आहे. शिक्षेची कमाल मर्यादा दोन्हींत एकच आहे. सहा महिने साधी कैद, दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दिवाणी अवमानात मात्र कायदा आधी दंडाकडे पाहायला सांगतो. दंडाने भागत नसेल तरच कैद, तीही दिवाणी तुरुंगात. दोन हजारांचा आकडा १९७१पासून तसाच आहे, याचं हसू येणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

आता 'उपयोग शून्य' या मुद्द्याकडे येतो. न्यायालयाकडे स्वतःची फौज नसते. निकालाचा कागद हातात पडतो, पण तो अमलात आणायचा असतो दुसऱ्या कोणीतरी, बहुधा जो हरला त्यानेच. तो हललाच नाही तर जिंकलेल्याच्या हातात फक्त शिक्का मारलेला कागद उरतो. अवमानाची तरतूद मुख्यतः इथे कामाला येते.

समजा, एका निवृत्त शिक्षिकेचं थकलेलं निवृत्तिवेतन आठ आठवड्यांत द्या, असा उच्च न्यायालयाचा आदेश आहे. आठ आठवडे उलटले, खात्यात काहीच आलं नाही. तिने पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं ते काम म्हणजे आदेशाची खरी नक्कल कार्यालयात देऊन तारखेसह पोच घेणं. 'आदेश आमच्यापर्यंत आलाच नाही' हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात सोपा बचाव असतो, आणि माहीतच नसलेला आदेश कोणी जाणूनबुजून मोडला असं म्हणता येत नाही. दुसरं काम म्हणजे ज्याने सही करून रक्कम सोडायची तो अधिकारी कोण, हे शोधणं. शिक्षा माणसाला होते, खुर्चीला नाही, म्हणून अर्जात त्या अधिकाऱ्याचं नाव लागतं. मग वकिलामार्फत नोटीस, आणि तरीही हालचाल नसेल तर अवमान याचिका. याला मुदत आहे एक वर्षाची, आणि ती इथे आठवा आठवडा संपला तिथून मोजायची. 'साहेब उद्या करतो म्हणतात' यावर दोन वर्षं काढून आलेल्यांना बहुधा रिकाम्या हाताने परत जावं लागतं.

याचिकेची नोटीस अधिकाऱ्याच्या नावाने निघाली की पुष्कळदा पुढच्या तारखेआधीच रक्कम जमा होते. मग न्यायालय प्रकरण बंद करतं, कोणी तुरुंगात जात नाही आणि बातमीही होत नाही. म्हणूनच अवमान म्हटलं की लोकांना फक्त भाषणं आणि ट्वीट आठवतात.

पण अवमान याचिका फसतेही, आणि बऱ्याचदा एकाच ठिकाणी फसते. आदेशात 'रक्कम द्या' असं नसतं, 'अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय घ्या' असं असतं. अधिकारी सातव्या आठवड्यात निर्णय घेतो आणि अर्ज फेटाळतो. निर्णय चुकीचा असेल, अन्यायाचाही असेल, पण आदेश पाळला गेला. तिथे अवमान होत नाही, त्या नव्या निर्णयालाच आव्हान द्यावं लागतं. म्हणून आदेश हाती आला की त्यातलं क्रियापद नीट वाचावं. समोरच्याने 'आम्ही अपील केलंय' असं सांगितलं तर मात्र बिचकायचं कारण नाही. नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही, त्यासाठी स्थगिती लागते. आणि निव्वळ पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा असेल तर त्याची नेहमीची वाट दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्यासाठीचा अर्ज, हीच. अवमान याचिका हा वसुलीचा आडमार्ग झालेला न्यायालयांना आवडत नाही.

खालच्या दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम मोडला तर? शेजाऱ्याने 'जैसे थे' असताना रातोरात भिंत उभारली, अशा वेळी उच्च न्यायालयाकडे धावायची बहुधा गरजच नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २अ खाली त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. ते मालमत्ता जप्त करू शकतं आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगातही ठेवू शकतं. मनाईहुकुमाच्या तारखेआधीचे आणि नंतरचे फोटो मात्र हवेत.

निकालावर बोलण्याचा मुद्दा उरतो. अवमान कायद्याचं कलम ५ सरळ सांगतं की निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नाही. निकाल चुकला, कायदा चुकीचा लावला, पुरावा वाचलाच नाही, हे सगळं म्हणता येतं. वकील मंडळी न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज म्हणतात. अडचण येते ती निकाल सोडून न्यायाधीशाने पैसे खाल्ले किंवा हेतूच वाईट होता असं बिनपुराव्याचं बोलण्यात. तिथेही कलम १३ प्रमाणे न्यायदानात भरीव अडथळा आला असेल, किंवा तसा येण्यासारखा असेल, तरच शिक्षा देता येते. आणि 'खरं बोललात तरी' हे वाक्य २००६ साली जुनं झालं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, बोललेलं खरं असेल, लोकहिताचं असेल आणि प्रामाणिकपणे मांडलं असेल, तर सत्य हा बचाव न्यायालयाला मान्य करता येतो.

इथे त्या संदेशात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. 'न्यायालयाची बेअब्रू' हा शब्दप्रयोग ढोबळ आहे आणि तो ठरवणारेही न्यायालयच असतं. केरळचे मुख्यमंत्री असताना ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी न्यायव्यवस्थेला वर्गीय पूर्वग्रह असतात असं पत्रकार परिषदेत म्हटलं. उच्च न्यायालयाने त्यांना हजार रुपये दंड केला. १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण दंड पन्नास रुपयांवर आणला. २०२०मध्ये प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटवरून एक रुपया दंड झाला. अशा निकालांनी न्यायालयाचा मान किती वाढला, मला शंका आहे. इंग्लंडने २०१३मध्ये अवमानाचा हा एवढाच प्रकार कायद्यातून काढून टाकला. आपल्याकडे विधी आयोगाने २०१८मध्ये तो ठेवावा असं सुचवलं. यावर भांडायला भरपूर जागा आहे. पण भांडण या एका पोटकलमाशी आहे, त्यासाठी शिक्षिकेची याचिकाही मोडीत काढायचं कारण नाही.

राहिली माफी. माफीने न्यायालयाचं समाधान झालं तर सोडून देता येतं, असं कलम १२ म्हणतं. समाधान झालंच पाहिजे असं म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च १९९७ रोजी महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने बंद करायचा आणि नवीन परवानगी न देण्याचा आदेश दिला होता. पुढे काही वर्षांनी, तो आदेश ठाऊक असताना, राज्यात काही कारखान्यांना परवानगी दिली गेली. प्रकरण अवमानापर्यंत गेल्यावर माफीची प्रतिज्ञापत्रं आली. माफी वेळेवर आणि मनापासून आलेली नाही, शिक्षा टाळण्याची ढाल म्हणून आली आहे, असं म्हणत न्यायालयाने ती नाकारली. मे २००६मध्ये वनखात्याचे तत्कालीन प्रधान सचिव आणि त्या काळचे वनमंत्री स्वरूपसिंग नाईक, दोघांनाही एकेक महिन्याची कैद झाली. त्यांनी कोणत्याही न्यायाधीशाला शिवी दिली नव्हती. आरागिरणीच्या फाइलवर सह्या केल्या होत्या.